सी सब बी गोम्स

आमच्या वर्गाची सगळ्यात मोठी आठवण म्हणजे गणिताच्या सरांनी आणलेला तो फोटो. १९८३ च्या वर्ल्डकप फायनलचा स्कोअरकार्ड, कुणीतरी कुठल्यातरी पुस्तकाच्या पानावरून फ्लॅश मारून काढलेला, आणि फ्लॅश नेमका किरमाणीच्या रन्सवर पडलेला, तिथे नुसता पांढरा डाग. सर म्हणाले, सांगा किती रन्स ते, डोकं लावा.

आम्ही आधी भलत्याच गोष्टीत अडकलो. यशपाल शर्माच्या पुढे 'सी सब बी गोम्स' होतं, तर मागच्या बाकावरचा एकजण म्हणे वेस्ट इंडिजचा सब नावाचा प्लेअर पण होता का रे, सगळा वर्ग हसला पण खरं तर आम्हालाही माहीत नव्हतं. सी म्हणजे कॅच, बी म्हणजे बोलर, आणि सब म्हणजे बदली फील्डर, नाव काहीही असो, तेव्हा बऱ्याचदा छापायचे नुसतं सब. बिचाऱ्याने फायनलमध्ये कॅच घेतला आणि नाव नाही!

मग डागाचा हिशोब. टोटल १८३, एक्स्ट्रा २० (बाय ५, लेगबाय ५, वाइड ९, नोबॉल १), म्हणजे बॅटमधून १६३. बाकी दहा जणांचे मिळून १४९, मग किरमाणी १४. एवढं जमल्यावर आम्ही लगेच शहाणे झालो आणि बोलर्सचे रन्सही जुळवायला बसलो. वाइड आणि नोबॉल बोलरच्या खात्यात जातात हे आम्हाला पक्कं माहीत, म्हणजे १७३ यायला हवेत, पण रॉबर्ट्स ३२, गार्नर २४, मार्शल २४, होल्डिंग २६, गोम्स ४९, रिचर्ड्स ८, तीनदा बेरीज केली तरी १६३च. मी छातीठोकपणे म्हटलं, सर छापायची चूक आहे. सर शांतपणे म्हणाले, चूक नाही रे, त्या मॅचच्या वेळी वाइड-नोबॉल बोलरच्या नावावर मांडतच नव्हते, तो बदल नंतर आला.

रनरेटला पण मीच फसलो. ५४.४ ओव्हर्स, मी सरळ १८३ भागिले ५४.४ केलं आणि ३.३६ सांगितलं, तर पॉइंट चार म्हणजे चार बॉल, दशांश नाही, एकूण ३२८ बॉल, त्यामुळे ३.३५. फरक चिमूटभर, पण सरांनी चार दिवस मला 'दशांश' म्हणूनच हाक मारली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र आम्ही खालच्या विकेट्सच्या ओळीवर घालवला, कितवी विकेट किती रन्सवर पडली ती ओळ. ५९ ला दोन, मग ९०, ९२, ११०, १११, म्हणजे २१ रन्समध्ये चार गेले, त्यात कपिल पण. वरच्या यादीत हे कळतच नाही, तिथे कपिल नुसता १५. आणि शेवट बघा, नववी १६१ ला, दहावी १८३ ला, म्हणजे किरमाणी आणि संधूने २२ जोडले, आणि डागाखालचे ते १४ तिथलेच असणार बरेचसे, नक्की किती ते त्या ओळीवरून निघत नाही हे सरांनीच सांगितलं, आम्ही तर २२ मधून संधूचे ११ वजा करायला निघालो होतो.