साखरपुड्याचा बुफे आणि ‘माणशी दोन डाव’ : माझा अनुभव

लेकीचा साखरपुडा ठाण्यात, घंटाळीजवळच्या एका हॉलमध्ये केला. हॉल मिळाला, तारीख मिळाली, मेनूही एका बैठकीत ठरला. अडलं ते फक्त एका प्रश्नावर, की पातळ पदार्थ नक्की किती करणार? त्या एका उत्तरासाठी मला जेवढं डोकं लावावं लागलं तेवढं बाकी सगळ्या तयारीला मिळून लागलं नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्याकडे कार्य आहे त्यांना उपयोग होईल.

हॉलची अट अशी की केटरर त्यांचाच, बाहेरचा चालणार नाही. दुपारचं जेवण, १२० पानं, त्यात पंधराएक लहान मुलं. मेनूत पुरी, बटाट्याची सुकी भाजी, दोन कोशिंबिरी, मसालेभात, साधा भात, मठ्ठा, जिलेबी. पातळ पदार्थ चार : पनीर मखनी, अळूचं फदफदं, मटकीची रस्सा उसळ आणि वरण.

मी मॅनेजरना विचारलं, “पनीर किती लिटर करणार?” ते म्हणाले, “ताई, आपलं अनलिमिटेड असतं. काळजी करू नका.” अनलिमिटेड म्हणजे पाहुण्याने कितीदा घ्यायचं यावर बंधन नाही, एवढंच. टोपात जेवढं शिजवलं तेवढंच असणार, ते तर मोजूनच शिजवतात. मी पुन्हा विचारलं. तेव्हा उत्तर आलं, “माणशी प्रत्येक भाजीचे दोन डाव धरतो.”

हे उत्तर ऐकायला भरघोस वाटतं. पण कुठला डाव? हॉलच्या काउंटरवरचे दोन डाव मी तिथेच मागून घेतले आणि पाण्याची एक लिटरची बाटली घेऊन मोजले. वरणाचा खोल डाव आठ वेळा भरला आणि बाटली संपली, म्हणजे एका डावात साधारण १२५ मिली. पनीरचा उथळ डाव चौदा वेळा भरला, म्हणजे ७० मिली. दोन्हींना ‘डाव’च म्हणतात, आणि एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट आहे.

मग मी मॅनेजरसमोर कागदावर मांडलं. चार पदार्थांचे प्रत्येकी दोन म्हणजे माणशी आठ डाव. मोठ्या डावाने तो एक लिटर होतो. पुरी, मसालेभात, जिलेबी खाऊन वर एक लिटर पातळ पदार्थ कुणीही खात नाही, आणि कुठलाही केटरर १२० लिटर शिजवत नाही. लहान डावाने धरलं तरी एकट्या पनीरचेच जवळपास सतरा लिटर होतात. “तेवढं करणार आहात का?” असं विचारल्यावर ते म्हणाले, “ते आचाऱ्याचं काम, ताई. त्याला अंदाज असतो.” आणि आचाऱ्याला भेटता येत नाही म्हणाले. फोन केला की ‘बघून सांगतो’, समोर गेलं की ‘साहेब बाहेर गेलेत’. ॲडव्हान्सची पावती मात्र पहिल्या दिवशीच हातात होती. मी विषय सोडला नाही. पैसे आपले असतात आणि रिकाम्या भांड्यासमोर उभं राहायची वेळ आपल्या पाहुण्यांवर येते.

शेवटी दुसऱ्या कुणाचं तरी कार्य चालू असताना मी हॉलच्या मागच्या बाजूने थेट स्वयंपाकघरात गेले. आचारी वयस्कर होते. त्यांनी अजिबात आढेवेढे घेतले नाहीत. “ताई, लिटर आम्ही बोलत नाही, टोप बोलतो,” म्हणाले आणि टोप दाखवला. त्यात उलथन्याचा लांब दांडा उभा धरून कुठपर्यंत रस्सा येतो ते बोटाने दाखवलं. मी विनंती केल्यावर त्यांच्या मदतनिसाने त्या खुणेपर्यंत मापाच्या भांड्याने पाणी ओतलं. पनीरची खूण आठ लिटरांवर आली. मग त्याच टोपात बाकीच्या खुणा बघितल्या. अळू दहा लिटर, मटकी आठ, वरण दहा. एकूण छत्तीस, म्हणजे माणशी ३०० मिली.

या आकड्यावर मी समाधानी झाले. चार पातळ पदार्थ असताना माणशी ३०० मिली, म्हणजे लहान डावाने चार-सव्वाचार डाव, हे पुरेसं आहे. पदार्थ वाढवले म्हणून माणूस त्या पटीत जास्त खात नाही. एकच रस्सा असता तर तोच त्याने तीन डाव घेतला असता. चार असले की प्रत्येकाचा एकेक घेतो, आवडीच्या एखाद्याचा थोडा जास्त. खरी चूक होती ती वाटणीत. पनीर आठ लिटर म्हणजे लहान डावाने ११४ डाव. १२० माणसांना एकेकही पुरत नाही, आणि पनीर तर जवळजवळ प्रत्येक जण घेतो. उलट अळू दहा लिटर. अळू मला स्वतःला फार आवडतं, पण तरुण मंडळी आणि मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत.

मी आचाऱ्यांनाच विचारलं, १२० मध्ये कोण काय घेतं? त्यांना सगळं तोंडपाठ होतं. पनीर ११० जण घेतात, त्यातले काही दुसऱ्यांदा येतात, म्हणून सव्वा डाव धरा. अळू पंच्याहत्तर जण, मटकी ऐंशी, पण घेणारे एका डावावर थांबतात. वरण भातावर बहुतेक सगळेच घेतात, एक डाव आणि वर थोडं. मग हिशोब सोपा होता. पनीरसाठी ११० गुणिले सव्वा म्हणजे १३८ डाव. ७० मिलीने ते साडेनऊ-पावणेदहा लिटर. टोपाला, चेफिंग डिशला चिकटून राहतं आणि आटतं त्यासाठी दहा टक्के वर. आले अकरा लिटर. त्याच रीतीने, थोडं सढळ धरून, अळू सात, मटकी सात, वरण दहा. बेरीज पस्तीस! म्हणजे आधीपेक्षा एक लिटर कमीच. मॅनेजर ‘जास्त पनीर हवं तर एक्स्ट्रा चार्ज’ म्हणत होते, त्यांना हा कागद दाखवला. पनीर महाग हे मला मान्य होतं, म्हणून अळू-मटकीतली कपात त्यातून वजा करून उरलेला फरक मी दिला आणि चारही पदार्थांचे लिटर ऑर्डरच्या कागदावर लिहून त्यांची सही घेतली.

या सहीसाठी आधी जी टाळाटाळ झाली तिची गरजच नव्हती. स्वयंपाकघरात उत्तर तयार होतं, फक्त ते बाहेर येऊ देत नव्हते. तुमच्याकडे असं झालं तर मॅनेजरशी वाद घालत बसू नका. आचाऱ्याची भेट ही ॲडव्हान्स देण्याआधीची अट ठेवा.

पनीरच्या बाबतीत लिटर ठरले तरी काम संपत नाही. रस्सा उरतो आणि तुकडे संपतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून तुकडेही मोजून घ्या. दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे केले तर एका किलोत ११५ च्या आसपास होतात. अडीच सेंटिमीटरचे केले तर साठच. दिसायला फरक थोडा, पण संख्या निम्मी. आम्ही पाच किलो पनीर आणि लहान तुकडे ठरवले. पावणेसहाशे तुकडे भागिले १३८ डाव, म्हणजे एका डावात चार. तेच मोठे तुकडे असते तर डावात दोन आले असते आणि पाहुणे ढवळून ढवळून तुकडेच वेचत राहिले असते. त्यासाठीच पनीरवर एक वाढपी उभा करायला सांगितला. तो तळापासून ढवळून डाव भरतो, म्हणून पहिल्याला आठ आणि शेवटच्याला शून्य असं होत नाही. बाकी काउंटरवर वाढप्याची गरज नाही.

वरणाचा तो खोल डाव मी बदलायला लावला. खोल डाव हातात आला की माणूस सवयीने भरूनच घेतो, मग भात तरंगतो आणि वरण वाया जातं. चारही भांड्यांत एकाच मापाचे डाव ठेवायला सांगा. म्हणजे कुठलं भांडं किती रिकामं झालं त्यावरून किती माणसं जेवली हेही कळतं.

मांडणीचं सांगायचं राहिलं. हॉलवाल्यांनी पनीर ओळीत पहिलं ठेवलं होतं. पहिल्या भांड्याजवळ ताट रिकामं असतं, हात सैल असतो. आम्ही क्रम बदलला : कोशिंबिरी, बटाट्याची भाजी, पुरी, मटकी, मग पनीर, अळू, आणि शेवटी भात-वरण. पनीरपर्यंत पोचेतो ताटात जागा बेताची उरते आणि माणूस आपोआप एक डाव घेतो. कमी पडलं तर तो परत येतोच, त्यासाठीच तर वरचा पाव डाव धरलेला आहे.

अकरा लिटर एकदम बाहेर मांडू देऊ नका. चेफिंग डिशखाली बर्नर चालू असतो. तासाभरात मखनी आटून दाट होते, वर तेल सुटतं आणि पनीर चिवट होतं. दाट रस्सा डावात शिगेसकट बसतो, म्हणजे ७० मिलीच्या डावात ९० जातो आणि तुमचा हिशोब तिथेच बिघडतो. आम्ही सहा लिटर आधी काढले, पाच टोपात ठेवले, आणि त्या पाच लिटरांतले पनीरचे तुकडे निम्मी पंगत झाल्यावरच घातले. दाट होतंय असं वाटलं की वाटीभर कढत पाणी घालून ढवळायचं आणि मीठ बघायचं. गार पाणी घालू देऊ नका, रस्सा फुटल्यासारखा दिसतो.

त्या दिवशी डोंबिवलीहून येणारे आमचे नातेवाईक गाड्यांच्या गोंधळामुळे अगदी शेवटी जेवायला बसले. त्यांच्याही ताटात पनीरचे तुकडे होते, आणि ते बघून मला जो आनंद झाला तो लपवत नाही. अळू एखादा लिटर उरलं, ते आम्ही घरी आणलं. मटकी बरोबर संपली.

हे आकडे दुपारच्या, भात असलेल्या जेवणाचे आहेत. संध्याकाळचा बुफे असेल आणि चाट, पावभाजी असे काउंटर असतील तर वरण सात लिटरांवर आणता येतं. पण आचाऱ्यांच्या सांगण्यावरून पनीर तेवढंच ठेवा, कारण रात्री भात कमी झाला तरी नान-रोटीबरोबर पनीर तितकंच जातं.