मावशीची चिमणी

परभणीहून मावशीने स्वयंपाकघरातल्या चिमणीचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ: "हिची जाळी मागव, ठेचा करताना खोकून खोकून जीव चालला लेकरा."

फोटोत वाकवलेली काच, तीन बटणं आणि तेलाने पिवळी पडलेली कंपनीची अर्धी पट्टी. खालच्या शेगडीवरून अंदाज लागला की चिमणी 60 सेंटिमीटरची आहे. पण अशा काचेच्या चिमण्या इतक्या असतात की तोंड पाहून मॉडेल ओळखणं म्हणजे लग्नातल्या गर्दीत फेट्यावरून मामा शोधणं. तरी मी हुशारी केली, दिसायला सारखी जाळी मागवली. ती खाचेत बसली, पण खिट्टी लागेना. मावशीने सुतळीने बांधली!

मग शहाणपण सुचलं. मावशीला म्हटलं, आधी प्लग काढ, सुतळी सोडून जाळी उतरव आणि आतल्या भिंतीवरची पाटी फडक्याने पूस. चिमणीची खरी ओळख तिथे असते: मॉडेल नंबर, वॅट आणि हवा ओढायचा आकडा. दुसरा फोटो जुन्या जाळीचा, उताणी ठेवून, शेजारी टेप. लांबी, रुंदी, जाडी आणि खिट्टी कुठल्या बाजूला, हे चारही जुळलं तरच जाळी बसते. मापं जाळीची घ्यायची, चिमणीच्या भोकाची नव्हे. आमची निघाली 26 बाय 34, जाडी 1 सेंटिमीटर. मी मागवलेली जाडीला दोन मिलिमीटर जास्त होती, म्हणून सुतळी.

पाटीवर लिहिलं होतं 1000 m³/h. म्हणजे तासाला हजार घनमीटर हवा. मावशीचं स्वयंपाकघर दहा बाय आठ फूट, उंची दहा. म्हणजे साधारण 23 घनमीटर. तासातून वीस वेळा सगळी हवा बदलायची तरी 460 पुरे. मग हजारवाली असून खोकला का? हा आकडा बहुतेकदा पंख्याला पाइपाचा अडथळा नसतानाचा असतो. पाइप लांबला, कोपरे आले की ओढ घटते. जाळी तुंबली की आणखी.

नवी जाळी बसली. तरी मिरच्या भाजल्या की धूर खोलीभर. मग मी पाइपाचा फोटो मागवला. चिमणीचं तोंड सहा इंची आणि पुढे जोडलेला पाइप चार इंची! वाट निम्म्याहून कमी झाली, आणि वर दोन काटकोनी वळणं. जाळीला उगाच दोष दिला होता.

"मावशी, चार इंची कुणी बसवला?"

"प्लंबरनं. संडासाचा उरला होता म्हणे."