पुढचा शब्द आणि त्याचा ठसा: नवशिक्यांना शिकवताना

यंत्राने लिहिलेल्या मजकुरात आकडेवारीचा ठसा कसा राहतो, हे नवशिक्यांना शिकवायचं होतं. सूत्रं बाजूला ठेवून मी फळ्यावर अर्धं वाक्य लिहिलं: ‘सकाळी उठल्यावर तिने खिडकी...’ बहुतेक जण ‘उघडली’ म्हणाले, एकजण ‘पुसली’ म्हणाला आणि मागून कुणीतरी ‘रंगवली’ सुचवलं. भाषा मॉडेलही हेच करतं. पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक शब्दाला (खरं तर शब्दाच्या तुकड्याला, म्हणजे टोकनला) ते शक्यता देतं आणि त्या यादीतून एक उचललं जातं.

ठसा उमटतो तो या उचलण्यात. समजा, यादीतले वरचे ४० तुकडे ठेवून बाकीचे कापून टाकले, तर एकेचाळिसावा तुकडा त्या जागी कधीच येणार नाही.

‘पण माणूसही सोपेच शब्द वापरतो की!’ एकीने विचारलं. प्रश्न अगदी मर्माचा होता, म्हणून उत्तर आकडे मांडूनच दिलं. शब्द जितका अनपेक्षित, तितकं त्याचं आश्चर्य जास्त, आणि ते बिटमध्ये मोजतात. शक्यता निम्मी झाली की आश्चर्य एका बिटने वाढतं: १/२ ला १ बिट, १/४ ला २, १/६४ ला ६. सोयीसाठी चार शब्दांचे दोन नमुने घेतले. पहिल्यात आश्चर्य १, २, १, २, म्हणजे सरासरी दीड बिट. दुसऱ्यात १, ६, २, ५, म्हणजे सरासरी साडेतीन. दुसऱ्यातही सोपे शब्द आहेतच, पण मध्येच उसळी येते. माणसाला काही विशिष्ट सांगायचं असतं, म्हणून तो अधूनमधून यादीत फार खालचा शब्द घेतो. अशा उसळ्या लांबच लांब मजकुरात दिसल्याच नाहीत, तर शंका घ्यायला जागा आहे.

यानंतर यंत्राचा मजकूर ओळखायला मदत करणाऱ्या, २०१९ मध्ये आलेल्या GLTR या साधनाची रंगपद्धत दाखवली, तेव्हा ती सगळ्यांना लगेच उमगली. मॉडेलच्या अंदाजात पहिल्या दहात आलेला शब्द हिरवा, पहिल्या शंभरात पिवळा, हजारात लाल आणि त्यापलीकडचा जांभळा. यंत्राचा मजकूर बराचसा हिरवा दिसतो. माणसाच्या मजकुरात लाल-जांभळे ठिपके जास्त पडतात.

सर्वांत जास्त वेळ मी मर्यादांवर घालवला, कारण इथे चुकीचा निष्कर्ष एखाद्या निरपराध माणसावर शेकतो. दोन-चार वाक्यांची सरासरी योगायोगानेही खाली येते. शिवाय आश्चर्य मोजणारं मॉडेल लिहिणाऱ्या मॉडेलपेक्षा वेगळं असलं की दोघांच्या याद्या जुळत नाहीत आणि ठसा पुसट होतो. आणि शेकडो ठिकाणी छापला गेलेला कायद्याचा उतारा मॉडेलला जवळजवळ पाठच असतो, त्यामुळे माणसांनी लिहिलेला असूनही तो जवळपास पूर्ण हिरवा दिसतो.