साडीच्या मेलखालचा गोपनीयतेचा पाल्हाळ

गांधीबागेतल्या एका साडीवाल्यांचे मेल मी सांभाळतो, त्यांची बरीच गिऱ्हाईकं अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मराठी माणसं. परवा तिकडच्या एका ताईंचा चिडून रिप्लाय आला, "मेल बंद करायचे तर बटन कुठे आहे, दोनदा शोधलं." मी तो मेल जीमेलमध्ये उघडून खाली गेलो तर फुटरच नाही! जीमेल साधारण 102 केबीच्या वरचा मेल कापतं आणि शेवटी पूर्ण मेल बघायची लिंक तेवढी ठेवतं, आणि अनसब्स्क्राइब नेमकं त्या कापलेल्या भागात गेलेलं.

पूर्ण उघडल्यावर दिसलं की फुटरमध्ये सगळ्यात मोठा परिच्छेद "हा मेल गोपनीय आहे, चुकून मिळाला असल्यास नष्ट करा". अहो, पैठणीच्या सेलचा मेल हजारो लोकांना जातो, त्यात गोपनीय काय? त्या ओळीने कुणावर बंधन येत नाही आणि कायदाही ती मागत नाही. त्याखाली "रंगात फरक पडू शकतो", "ऑफर मर्यादित". आणि सगळ्यात खाली फिक्या राखाडी अक्षरात अनसब्स्क्राइब, तेही लॉगिन करून कारण सांगा म्हणणारं. पोस्टाचा पत्ता तर नव्हताच.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना जाहिरातीचा मेल पाठवायचा तर तिथला 2003 चा कॅन-स्पॅम कायदा बघावा लागतो. मेलमध्ये खरा टपालाचा पत्ता हवा आणि बाहेर पडायचा मार्ग स्पष्ट दिसायला हवा. ईमेल आयडीपेक्षा जास्त काही विचारायचं नाही, एका पानावर किंवा एका रिप्लायमध्ये काम झालं पाहिजे, आणि 10 कामकाजी दिवसांत नाव काढायचं.

मी गोपनीयतेची ओळ काढायला घेतली तर शेठजी म्हणाले, "काहून काढतो भाऊ, वकिलानं दिलं होतं ते." मी म्हटलं, ती ओळ तुमच्या अकाउंटंटच्या मेलखाली राहू द्या, तिथे कोणाला अडचण नाही. रंगाची सूचना साडीच्या पानावर फोटोजवळ नेली, ऑफरची अट ऑफरच्याच खाली, कारण अट तिथेच वाचली जाते, फुटरपर्यंत कोण जातं. उरलं ते एवढं:

"तुम्ही ऑर्डर करताना मेलसाठी होकार दिला होता, म्हणून हा मेल. नको असल्यास इथे क्लिक करून मेल बंद करा.
दुकानाचं नाव, दुकान क्रमांक, गल्ली, गांधीबाग, नागपूर, पिन, भारत"

अक्षर गडद, साइझ बाकी मजकुराएवढीच. टेम्प्लेटमधला फालतू कोडही काढला, कारण फुटर कितीही छोटा केला तरी वरचं वजन कमी झाल्याशिवाय तो कापला जाणारच. मग स्वतःला टेस्ट मेल टाकून फोनवर तळापर्यंत बघितला, आता पूर्ण दिसतो.

जुन्या मेलमधल्या लिंका मात्र बंद केल्या नाहीत. पाठवल्यापासून निदान 30 दिवस त्या चालायला हव्यात, म्हणून त्या लॉगिनऐवजी नव्या पानाकडे वळवल्या, आणि ताईंचं नाव मी त्याच दिवशी हाताने यादीतून काढलं.