छापील कलम आणि भुरू

भाड्याच्या घरात कुत्रा ठेवायचा तर मालकाकडून लेखी घ्या, असं मी सांगते, तेव्हा लोक विचारतात, "मालक तोंडी हो म्हणालेत ना? मग पत्र आणि करारनामा कशाला?"

तोंडी हो मलाही मिळालं होतं. घरमालक काका माझ्या कुत्र्याच्या, भुरूच्या, डोक्यावरून हात फिरवत म्हणाले होते, "राहू दे गं, मुकं जनावर आहे." भाडेकरारात पाळीव प्राणी ठेवू नयेत असं कलम होतं. मी त्यावर बोट ठेवलं तर म्हणाले, "ते छापीलच असतं." मी सही केली.

दोन वर्षांनी काकांनी घर मुलीच्या नावावर केलं. ती बघायला आली. मी चपलांचा स्टँड मुख्य दारापाशी सरकवून ठेवला होता, कारण दाराच्या खालच्या वीतभर भागावर भुरूच्या नखांचे ओरखडे होते, पॉलिश जाऊन पांढरं लाकूड दिसत होतं. तिनं स्टँड बाजूला केला, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, "हे लपवलंत कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. काकांनी परवानगी दिल्याचं सांगितलं, तर तिनं करारातलं तेच कलम दाखवलं. तीस दिवसांत कुत्रा नाहीतर घर, दोन्हीपैकी एक सोडा.

कुत्र्यासकट घर द्यायला तीस दिवसांत कुणी तयार झालं नाही. भुरूला मैत्रिणीच्या मावशीकडे पाठवलं. एरवी तो गाडीत बसायला तयार नसे, उचलून ठेवावं लागे. त्या दिवशी मी त्याचं गोणपाट आधीच मागच्या सीटवर टाकलं होतं. ते बघून तो आपण होऊन चढला आणि त्यावर गोल फिरून बसला. मी बरोबर येतेय असं त्याला वाटलं असणार.

लोक म्हणतात मी बेजबाबदार होते. नव्हते. त्याच्या लशी वेळच्या वेळी होत्या, शेजाऱ्यांची एकही तक्रार नव्हती. पण त्यातलं काहीच कागदावर नव्हतं. आणि दार मी लपवलं होतं, हेही खरंच.

आता माझ्याकडे काळी नावाची कुत्री आहे. तिच्यासाठीचं पत्र एका पानाचं असतं आणि ते मी घर ठरण्याआधी मालकांना देते. वय ४ वर्षं, वजन १४ किलो, नसबंदी झालेली, रेबीजच्या लशीची तारीख, सोबत डॉक्टरांच्या नोंदवहीची प्रत आणि आधीच्या घरमालकांचा फोन नंबर, त्यांना विचारून. "ती अजिबात त्रास देत नाही" असं लिहीत नाही, कारण त्यावर कोणताच मालक विश्वास ठेवत नाही. मी लिहिते: "बेल वाजली की भुंकते, 'जागेवर' म्हटलं की थांबते. दिवसात जास्तीत जास्त चार तास एकटी राहते." शेवटी त्यांनी तिला एकदा येऊन भेटावं अशी विनंती.

मालक तयार झाले की काळीसाठी वेगळा करारनामा करते. त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पहिलंच: मूळ भाडेकरारातलं पाळीव प्राण्यांविषयीचं कलम या कुत्रीपुरतं लागू राहणार नाही. हे नसेल तर छापील कलम तसंच जिवंत राहतं. परवानगी काळीच्या नावानं, म्हणजे मी उद्या दुसरा कुत्रा आणला तर पुन्हा विचारावं लागेल, आणि मालकाला तेवढी खात्री हवीच असते. राहायला येण्याआधी दारं, चौकटी, फरशी यांचे तारखेसह फोटो काढायचे, दोघांच्या सह्या. नेहमीच्या वापराची झीज मालकाची, काळीनं केलेलं नुकसान दुरुस्तीच्या बिलाप्रमाणे माझं. तक्रार आली तर ती लेखी, तारीख-वेळेसह, आणि सुधारायला १५ दिवस. तरीही नाही सुधारलं तरच परवानगी मागे घ्यायची, तीही ६० दिवसांची मुदत देऊन. आणि घर दुसऱ्याच्या नावावर गेलं तरी भाडेकराराच्या मुदतीपर्यंत हे सगळं लागू. ते प्रत्यक्षात किती टिकेल हे तिथल्या कायद्यावर असतं, म्हणून हे एक कलम वकिलाकडून बघून घ्यावं.

गेल्या वर्षी तक्रार आलीच. दुपारी दोनला काळी भुंकते. मालकांनी वेळ लिहून दिली होती म्हणून कारण सापडलं: त्या वेळी समोरच्या जिन्यात माणसं ये-जा करायची आणि तिची जागा दाराला लागून होती. जागा आतल्या खोलीत नेली, दुपारी एक फेरी वाढवली. दहा दिवसांत थांबलं.

पण कराराची मुदत संपल्यावर मालकांना नूतनीकरण नकोच असेल, तर माझ्या कागदाचा उपयोग नाही. तेव्हाची मी म्हणायची की लेखी मागितलं तर लोक नाहीच म्हणतात. ते अगदीच चूक नाही. दोन मालकांनी पत्र वाचून घर नाकारलंय. काकांनाही पत्र दिलं असतं तर कदाचित ते नाही म्हणाले असते, आणि त्या घरातली भुरूबरोबरची दोन वर्षं मला मिळाली नसती. की त्याच्यासह दुसरं घर मिळालं असतं? हे मी अजून रात्री मोजत बसते.

काळी दारापाशी आली की माझा हात आजही आधी त्या दाराच्या खालच्या कडेवर जातो.