क्रूडची संध्याकाळ आणि चौदा कॅंडल

"दादा, एटीआर काय, आरएसआय काय, सगळीकडे चौदाच दिलेलं असतं. तेच ठेवायचं की बदलायचं? बदलायचं तर किती?"

नौपाड्यातल्या चहाच्या टपरीवर, वागळे इस्टेटला जाताना रिक्षात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारलं गेलंय. प्रत्येकाला एक आकडा हवा असतो. तो मी देत नाही, तर लोकांना वाटतं मी काहीतरी लपवतोय. हे मला लागतं. माझ्याकडे आकडा नाहीच. आहे ती एक बुधवारची संध्याकाळ.

कॅंडल म्हणजे चार्टवरची एक कांडी, ठरावीक वेळेतली भावाची हालचाल. एटीआर सांगतो एक कॅंडल सरासरी किती रुपयांची, आणि आरएसआय सांगतो चढाचा जोर जास्त की उताराचा, ० ते १०० मध्ये. चौदा ही त्यांची लांबी, म्हणजे किती कॅंडल मागे पाहायचं. तो आला ही दोन्ही मापं काढणाऱ्या वेल्स वाइल्डर यांच्या १९७८ च्या पुस्तकातून. ते रोजच्या भावांवर काम करत, म्हणजे चौदा कॅंडल म्हणजे जवळपास तीन आठवडे. पंधरा मिनिटांच्या चार्टवर त्याच चौदाचे साडेतीन तास होतात. एमसीएक्स या वायदेबाजारात क्रूड, म्हणजे कच्चं तेल, सकाळी ९ ते रात्री ११:३० चालतं, हिवाळ्यात थोडं आणखी. दुपारी ते सुस्त असतं आणि अमेरिकेतले लोक कामाला लागले की उसळतं. साडेतीन तास दिवसाच्या कुठल्या भागातले, यावर सगळं अवलंबून आहे. तेव्हा मला हे कळत नव्हतं.

जुलै महिना होता. कामावरून घरी येऊन सव्वासातला मी क्रूडचा एक लॉट घेतला, म्हणजे १०० बॅरल. एटीआर १४ रुपये दाखवत होता. त्याच्या दुप्पट, खरेदीच्या २८ रुपये खाली स्टॉपलॉस लावला, म्हणजे भाव तिथवर पडला की सौदा आपोआप तोट्यात बंद. उन्हाळ्यात बुधवारी रात्री आठला अमेरिकेतल्या तेलसाठ्याचा अहवाल येतो, हे मला माहीत होतं. पण चढउताराचं माप एटीआरमध्ये आलेलंच आहे, अशी माझी समजूत होती. ते माप दुपारचं होतं. शिवाय वाइल्डर यांच्या सरासरीत चौदा कॅंडलनंतरही जुन्याचा जवळपास ३५ टक्के वाटा उरतो, म्हणजे चार वाजण्याआधीची सुस्तीही त्यात मुरलेली होती.

आठची कॅंडल ६६ रुपयांची झाली. स्टॉपलॉस उडाला, तोही ठरवल्यापेक्षा ६ रुपये खाली, ३,४०० गेले. आता एटीआर वाढला असेल म्हणून पाहिलं, तर तो १४ वरून जेमतेम १८ वर आला होता. हिशेब सरळ आहे: तेरा भाग जुने, एक भाग नवा. मी मात्र त्या १८ वर विश्वास ठेवून पुन्हा घेतलं, ३६ चा स्टॉपलॉस लावून. पुढची कॅंडल ५२ रुपयांची. आणखी ३,६०० गेले. साडेनऊला भाव माझ्या पहिल्या खरेदीच्या वर होता. दिशा बरोबर होती आणि ७,००० रुपये गेले होते. त्या रात्री मी जेवलो नाही.

त्यानंतर केलं ते आणखी वाईट. तीन महिन्यांचे भाव घेऊन ५ ते ५० सगळ्या लांबी तपासल्या. ११ सर्वांत चांगली निघाली आणि मी ती महिनाभर वापरली. १० आणि १२ त्याच भावांवर तोट्यात होत्या, ते समोर दिसत असूनही. शेजारचे आकडे साथ देत नसतील तर मधला आकडा त्या तीन महिन्यांचा योगायोग असतो. हे आज लिहिणं सोपं आहे; तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

आता मी लांबीऐवजी तुलना बदलतो. गेल्या वीस कामकाजाच्या दिवसांतल्या फक्त संध्याकाळी ७ ते १० च्या कॅंडलची सरासरी काढतो. समजा ती ३८ आली, तर स्टॉपलॉस ७६ चा, आणि पूर्ण लॉटऐवजी १० बॅरलचे तीन मिनी. धोका २,२८० रुपयांचा. बुधवार वेगळे मोजावेत असं वाटतं, पण वीस दिवसांत बुधवार चारच येतात. चारांवर काय भरवसा ठेवायचा?

आरएसआयची लांबी बदलणाऱ्यांनी ७० आणि ३० या इशाऱ्याच्या पातळ्या तशाच ठेवू नयेत. लांबी चौपट केली की ५० पासूनचं अंतर ढोबळमानाने निम्मं होतं. १४ ला ७० जितकं दुर्मीळ, तितकंच ५६ ला साधारण ६०. पातळ्या न हलवता लांबी वाढवली की इशारे जवळजवळ बंद होतात, आणि माणूस त्याला शिस्त समजतो. मीही समजलो होतो.

तेव्हा रोजच्या चार्टवर, शेअर आठवडे धरून ठेवणार असाल, तर चौदाला हात लावायचं मला कारण दिसत नाही. संध्याकाळच्या क्रूडचं माझं माप बरोबर आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गेल्या हिवाळ्यात अहवाल नऊला यायला लागला आणि माझी ७ ते १० ची चौकट पुन्हा तपासावी लागली.