पाण्याचा व्हॉल्व्ह, उलटा कॅम आणि एक फ्यूज

आमच्या एका रिॲक्टरमध्ये उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया चालते. त्याच्याभोवतीच्या जॅकेटला थंड पाणी मिळालं नाही तर तापमान आपोआप चढत जातं. तरीही त्या पाण्याच्या लाइनवरचा कंट्रोल व्हॉल्व्ह बरीच वर्षं एअर-टू-ओपन होता. म्हणजे हवा दिली की उघडणारा आणि हवा गेली की स्प्रिंगच्या जोरावर बंद होणारा. कॉम्प्रेसर बंद पडला तर नेमकं पाणीच बंद. सुरक्षा आढाव्यात हे पकडलं गेलं आणि शटडाउनमध्ये त्याचा ॲक्च्युएटर, म्हणजे हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह हलवणारा भाग, बदलून व्हॉल्व्ह एअर-टू-क्लोज केला. आता हवा गेली की स्प्रिंग तो पूर्ण उघडणार होता.

चालू करण्याआधी रिॲक्टरमध्ये साधं पाणी भरून चाचणी घेतली, हे फार बरं झालं. पाणी 60 अंशांवर नेलं, थंड पाण्याचा लूप ऑटोवर टाकला, म्हणजे तापमान पाहून व्हॉल्व्ह हलवायचं काम कंट्रोलरवर सोपवलं, आणि सेटपॉइंट 55 दिला. कंट्रोलरचं आउटपुट सरसर वाढत 100 टक्क्यांवर गेलं, पण तापमान हलेना. ऑपरेटरचा फोन आला, "साहेब, व्हॉल्व्ह फुल ओपन आहे, पण पाणी येत नाही. लाइन चोक वाटतेय."

स्क्रीन व्हॉल्व्ह किती उघडा आहे ते दाखवत नव्हती, कंट्रोलर काय सांगतोय ते दाखवत होती. मी थेट व्हॉल्व्हपाशी गेलो. स्टेमवरचा काटा "बंद"वर टेकलेला होता.

कारण सरळ होतं. कंट्रोलर अजूनही डायरेक्ट होता, म्हणजे तापमान वाढलं की आउटपुट वाढवणारा. जुन्या व्हॉल्व्हला तेच हवं होतं: जास्त तापमान, जास्त आउटपुट, जास्त हवा, जास्त पाणी. नव्या व्हॉल्व्हला जास्त हवा म्हणजे कमी पाणी. आउटपुट वाढलं की व्हॉल्व्ह मिटतो, पाणी कमी झालं की तापमान वाढतं आणि तापमान वाढलं की आउटपुट आणखी वाढतं. अशा लूपमध्ये कंट्रोलरची गेन किंवा इंटिग्रल टाइमसारखी सेटिंग्ज कितीही बदला, काही उपयोग नसतो. आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटलं आणि तापमान सेटपॉइंटपासून उलट दिशेला जात असेल, तर ट्यूनिंगला हात लावण्याआधी दिशा तपासावी.

आमच्या टेक्निशियनने उपाय सुचवला, "साहेब, पोझिशनरचा कॅम उलटा बसवतो. लगेच होईल." पोझिशनर म्हणजे सिग्नलप्रमाणे व्हॉल्व्ह नेमक्या जागी नेणारं उपकरण, आणि कोणत्या सिग्नलला व्हॉल्व्ह कुठे हे त्यातली कॅम नावाची चकती ठरवते. आमचा जुन्या पद्धतीचा, हवेवर चालणारा पोझिशनर होता. आधी आय-टू-पी कन्व्हर्टर 4 ते 20 मिलिअँपिअरचं 3 ते 15 पीएसआय करायचा आणि पुढे पोझिशनर त्यानुसार ॲक्च्युएटरला हवा द्यायचा. मी दुसऱ्या लूपवर अडकलो होतो. परत येईपर्यंत कॅम बदलून झाला होता आणि लूप सुरेख चालत होता. 100 टक्के म्हणजे उघडा, 0 म्हणजे बंद, तापमान 55 वर स्थिर. प्रॉडक्शनचे साहेब सहीसाठी कागद घेऊन उभे होते.

सहीआधी मला दोन चाचण्या हव्या होत्या. पहिली, इन्स्ट्रुमेंट एअरचा कॉक बंद करायचा. केला, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. सगळ्यांचे चेहरे खुलले. दुसरी, डीसीएसच्या, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या, पॅनेलमध्ये त्या लूपच्या टर्मिनलचा फ्यूज काढायचा, म्हणजे हवा आहे पण सिग्नल नाही. फ्यूज काढला आणि व्हॉल्व्ह बंद झाला.

क्षणभर कोणी बोललं नाही. मग प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "पण हा तर फेल-ओपन आहे ना?"

ॲक्च्युएटर फेल-ओपन, म्हणजे हवा गेली की व्हॉल्व्ह उघडणारा, होता, पण ॲक्च्युएटर, पोझिशनर आणि सिग्नल मिळून जी साखळी बनते ती नव्हती. करंट शून्य झाला की आय-टू-पीचं आउटपुट शून्य होतं. उलट्या कॅमच्या पोझिशनरला शून्य सिग्नलचा अर्थ कळतो "जास्तीत जास्त हवा दे". ती हवा स्प्रिंगला दाबून व्हॉल्व्ह मिटवते. हवा जाणं त्या मानाने क्वचित घडतं. वायर तुटणं, टर्मिनल सैल होणं, फ्यूज उडणं, कार्ड बिघडणं हे कितीतरी जास्त वेळा घडतं. ज्या कारणासाठी एवढा ॲक्च्युएटर बदलला, तेच संरक्षण कॅमने काढून घेतलं होतं, आणि लूप नीट चालत असल्यामुळे ते कोणाच्याही लक्षात आलं नसतं.

टेक्निशियनला मी दोष दिला नाही. त्याने लूप सुधारला होता. उलटापालट कुठे करायची एवढाच प्रश्न होता. सिग्नल आणि हवा या दोन्हींचं शून्य एकाच दिशेला जायला हवं, म्हणून पोझिशनर सरळ हवा. मग दोन जागा उरतात. कंट्रोलर रिव्हर्स करायचा, किंवा कंट्रोलर डायरेक्टच ठेवून डीसीएसच्या ॲनालॉग आउटपुटमध्ये सिग्नल उलटवायचा. दोन्ही केलं तर एकमेकांना खोडतं आणि आपण पुन्हा पहिल्या चुकीवर येतो.

मी दुसरी जागा निवडली. फक्त कंट्रोलर रिव्हर्स केला असता तर लूप बरोबर चालला असता, पण स्क्रीनवर 100 टक्के म्हणजे व्हॉल्व्ह बंद. तापमान चढताना ऑपरेटर मॅन्युअलवर जाऊन घाईत 100 देणार, हे मी अनुभवाने सांगतो. स्क्रीनवरचा आकडा नेहमी व्हॉल्व्ह किती उघडा हेच सांगणारा असावा. आता 100 टक्क्यांना 4 मिलिअँपिअर जातात आणि 0 टक्क्यांना 20. मीटर लावणारा माणूस गोंधळू नये म्हणून व्हॉल्व्हवर तशी पाटी लावली आणि लूप ड्रॉइंगमध्येही लिहिलं. कंट्रोलरशी संपर्क तुटला तर आउटपुट कार्ड शेवटचा सिग्नल धरून ठेवायचं, ते सेटिंग बदलून करंट शून्यावर आणणारं केलं. कॅम पूर्ववत केला. दोन्ही चाचण्या पुन्हा घेतल्या आणि दोन्ही वेळा व्हॉल्व्ह उघडला. शेवटी तापमानाचा सिग्नल कॅलिब्रेटरने हाताने वाढवला आणि आउटपुट वर जातंय, काटा "उघडा"कडे सरकतोय, हे डोळ्यांनी पाहिलं. डायरेक्ट-रिव्हर्सच्या बाबतीत मी मेनूतल्या नावावर विसंबत नाही. काही सिस्टिम एररमध्ये सेटपॉइंटमधून मोजलेलं मूल्य वजा करतात, काही उलट करतात.

फ्यूजने मला एवढं सावध केलं की ॲक्च्युएटरकडे जाणारी हवेची प्रत्येक नळी मी बोटाने धरून मागे तपासत गेलो. पोझिशनरच्या पुढे एक तीन मार्गी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह, होता. तापमान फार वाढून सुरक्षा ट्रिप आली की वीज मिळून तो एअर हेडरची पूर्ण हवा थेट ॲक्च्युएटरला द्यायचा. एअर-टू-ओपनच्या काळात तेच बरोबर होतं. आता मात्र रिॲक्टर तापून ट्रिप आल्यावर याच सोलेनॉइडने थंड पाणी पूर्ण बंद केलं असतं. व्हॉल्व्हच्या बदलाच्या कागदात सोलेनॉइडचा उल्लेखच नव्हता. त्याची जोडणी बदलून, ट्रिपला वीज तुटून ॲक्च्युएटरमधली हवा बाहेर जाईल अशी केली, ट्रिप लॉजिकही त्याप्रमाणे बदललं, आणि ट्रिप देऊन काटा पाहिल्यानंतरच कागदावर सही केली.